कागदावरचा कांदा आणि कंटेनरमधला कांदा

‘लॉजिस्टिक्स कोऑर्डिनेटर पाहिजे. पदवीधर. एक्सेल आणि इंग्रजी ईमेलचे ज्ञान आवश्यक. सीएचए, ट्रान्सपोर्टर व शिपिंग लाइनशी समन्वय. निर्यातीची कागदपत्रे तयार करणे. दबावाखाली काम करण्याची तयारी.’ नाशिक, सांगली, पुणे किंवा वाशीतल्या एखाद्या छोट्या निर्यातदार कंपनीची जाहिरात साधारण अशीच असते. ती वाचून अर्ज करणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना पहिल्या दिवशी नेमके काय करायचे आहे, हे त्यातून कळत नाही. पुष्कळदा ते मालकालाही नीट सांगता येत नाही, कारण इतकी वर्षे हे काम तो स्वतःच फोनवरून, डोक्यात हिशेब ठेवून करत आलेला असतो.

म्हणून या जाहिरातीतली एकेक ओळ उघडून पाहू. त्यासाठी पिंपळगाव बसवंतहून कांदा पाठवणारी पाच-सहा माणसांची एक कंपनी डोळ्यांसमोर ठेवू. मालक बाजार समितीत खरेदी करतो, एकजण शेडवर प्रतवारी आणि भराई पाहतो, एकजण हिशेब ठेवतो आणि चौथा माणूस म्हणजे आपला कोऑर्डिनेटर. माल मलेशियातल्या पोर्ट क्लांग बंदरात जायचा आहे. चाळीस फुटी रीफर कंटेनर, म्हणजे थंडाव्याची आणि हवा खेळती ठेवण्याची सोय असलेला डबा. त्यात वीस किलोच्या जाळीदार गोण्या, एकूण १४५० म्हणजे २९ टन कांदा. सौद्यातले आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण न्हावा शेवाकडे निघणारा कांद्याचा कंटेनर साधारण असाच भरलेला असतो.

काम सुरू होते ते शेवटाकडून. जहाज शनिवारी सुटणार असेल तर कोऑर्डिनेटरच्या लेखी शनिवारला महत्त्व नसते, महत्त्व असते कट-ऑफला. भरलेला कंटेनर टर्मिनलच्या फाटकातून आत जाण्याची ही शेवटची वेळ. समजा ती शुक्रवारी दुपारी बारा आहे. मग उलटे मोजत यायचे. कस्टम्सची निर्यात परवानगी शुक्रवारी सकाळीच हातात हवी, म्हणजे ट्रेलर गुरुवारी रात्री बंदराजवळच्या पार्किंग प्लाझात पोहोचायला हवा. पिंपळगावहून न्हावा शेवा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. मध्ये कसाऱ्याचा घाट, भिवंडीची कोंडी आणि शहरांतून अवजड वाहनांना ठरावीक तासांत असलेली बंदी. म्हणून ट्रेलर गुरुवारी दुपारी शेडवरून हलायलाच हवा. तसे व्हायचे तर भराई गुरुवारी सकाळी, रिकामा कंटेनर यार्डातून बुधवारी उचलायचा आणि त्याचे बुकिंग त्याआधी आठवडाभर तरी झालेले हवे. जहाजाचे वेळापत्रकही हलते असते. कट-ऑफ चार तास पुढे जातो किंवा अलीकडे येतो, कधी जहाज वेगळ्याच टर्मिनलला लागते. न्हावा शेवाला एक फाटक नाही. तिथे वेगवेगळ्या कंपन्यांची टर्मिनल आहेत, प्रत्येकाचे फाटक आणि रांग वेगळी. जुन्या टर्मिनलचे नाव असलेला फॉर्म १३, म्हणजे आत जाण्याचा परवाना, घेऊन ड्रायव्हर पोहोचला तर त्याला परत फिरावे लागते. म्हणून ‘जहाजाचे वेळापत्रक पाहणे’ हे काम बुकिंगच्या दिवशी उरकत नाही. शिपिंग लाइनच्या संकेतस्थळावर रोज सकाळी आणि संध्याकाळी जहाजाचे नाव टाकून टर्मिनल आणि कट-ऑफ बदलला का, हे बघावे लागते.

‘ट्रान्सपोर्टरशी समन्वय’ ही ओळ त्यामुळे निव्वळ भाडे ठरवण्याची नाही. कंटेनर रस्त्यावरही चालू ठेवायचा असेल तर ट्रेलरला जेनसेट लागतो. तो आहे का, हे फोनवर विचारून घ्यायचे आणि त्याच्या डिझेलची जबाबदारी कोणाची तेही. यार्डातून डबा उचलण्यापूर्वी त्याची पूर्वतपासणी झाल्याची चिठ्ठी ड्रायव्हरकडून मागून घ्यायची. डबा शेडवर आला की शेडवरच्या माणसाला आत उभे करून दार बंद करायला सांगायचे. कुठून उजेड दिसला तर तिथून पाणीही येणार. आधीच्या मालाचा वास, ओली जमीन, फाटलेले रबर, न उघडणारी हवेची झडप, यांतले काही आढळले तर डबा तेव्हाच परत करायचा, कारण भराई झाल्यावर तक्रार कोणी ऐकत नाही. कांदा पोत्यातही श्वास घेत असतो आणि ओलावा सोडत असतो. झडप बंद राहिली तर तो ओलावा आतच राहतो आणि आठ-दहा दिवसांच्या समुद्रप्रवासात कोंब फुटतात, पाणी सुटते, काळी बुरशी धरते. त्यामुळे तापमान किती आणि झडप किती उघडी, हे बुकिंगमध्ये लिहून घ्यायचे आणि भराईच्या दिवशी डब्याच्या पडद्यावर तेच आकडे आहेत का, याचा फोटो मागवायचा. हे आकडे खरेदीदाराशी आणि माल पाहणाऱ्या माणसाशी बोलून ठरवायचे असतात. कोऑर्डिनेटरने ते अंदाजाने टाकू नयेत.

आता कागद. जाहिरातीत हे काम ‘कागदपत्रे तयार करणे’ एवढ्यात उरकलेले असते. माझ्या मते सगळ्या नोकरीचा गाभा इथे आहे. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कस्टम्ससाठीचे शिपिंग बिल, कृषी विभागाचे पीक-आरोग्य प्रमाणपत्र म्हणजे फायटो, मूळ देशाचे प्रमाणपत्र, वजनाचे प्रमाणपत्र आणि शेवटी शिपिंग लाइनचे बिल ऑफ लेडिंग. या सगळ्या कागदांवर काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: निर्यातदार आणि खरेदीदार यांची नावे, गोण्यांची संख्या, निव्वळ वजन, एकूण वजन, कंटेनर क्रमांक, सील क्रमांक. ही माहिती भरणारी माणसे वेगवेगळ्या कार्यालयांत बसतात आणि बहुधा एकमेकांना ओळखतही नाहीत. सगळ्या कागदांवर एकच गोष्ट लिहिलेली आहे आणि ती डब्यात खरोखर आहे, याची खात्री करणारा माणूस त्या साखळीत एकच असतो, आपला कोऑर्डिनेटर.

गुरुवारी सकाळी काय होऊ शकते ते पाहा. शिपिंग बिलाचा मसुदा, ज्याला व्यवहारात चेकलिस्ट म्हणतात, तो सीएचएने बुधवारी संध्याकाळी पाठवला होता. त्यात १४५० गोण्या, निव्वळ वजन २९,००० किलो. कोऑर्डिनेटरने तो तपासून होकार दिला आणि शिपिंग बिल दाखल झाले. गुरुवारी भराई चालू असताना तळाच्या थरातल्या आठ गोण्या ओलसर निघाल्या. शेडवरच्या अनुभवी माणसाने त्या बाजूला काढल्या. अगदी बरोबर केले, कारण एक ओली गोणी शेजारच्या दहा नासवते. पण हाताशी बदली गोण्या नव्हत्या आणि ट्रेलर दुपारी हलवायचा होता. म्हणून डब्यात १४४२ गोण्या गेल्या, दार लागले, सील ठोकले. शेडवरून फोन आला तो फक्त ‘भाऊ, गाडी निघाली’ एवढाच.

चांगल्या कोऑर्डिनेटरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘टॅली शीटचा फोटो पाठवा.’ टॅली शीट म्हणजे भराईच्या वेळी थराथराने मारलेल्या खुणांचा कागद. त्यावर १४४२ दिसले की पुढची आकडेमोड लगेच करायची. निव्वळ वजन २८,८४० किलो. गोणीचे स्वतःचे वजन शंभर ग्रॅम धरले तर एकूण वजन सुमारे २८,९८४ किलो. रिकाम्या डब्याचे वजन त्याच्या दारावर लिहिलेले असते, समजा ४,६४० किलो. बेरीज ३३,६२४ किलो. ही बेरीज म्हणजे व्हीजीएम, भरलेल्या डब्याचे पडताळलेले वजन. १ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनुसार ते कळवल्याशिवाय डबा जहाजावर चढवता येत नाही. हे वजन दोन पद्धतींनी काढता येते. एकतर भरलेला डबा वजनकाट्यावर घेऊन त्यातून वाहनाचे वजन वजा करायचे किंवा आतल्या प्रत्येक वस्तूचे वजन घेऊन त्यात रिकाम्या डब्याचे वजन मिळवायचे. या दोन्हींत मोठा फरक पडला तर कुठेतरी गोण्या मोजताना चूक झाली आहे, असे समजून पुन्हा चौकशी करावी. अशा डब्याची कमाल मर्यादा बहुधा ३४ टनांची असते, ती दारावरच्या पाटीवर वाचावी. आपला डबा मर्यादेच्या अगदी जवळ आहे, हेही त्याच वेळी लक्षात येते. ‘आणखी पन्नास गोण्या बसतील का’ असे मालकाने विचारले तर नाही म्हणायला हा आकडा उपयोगी पडतो.

आकडेमोडीनंतर सीएचएला फोन. ट्रेलर अजून घाटात आहे, कस्टम्सची परवानगी निघालेली नाही, फाटक गाठलेले नाही. अशा वेळी शिपिंग बिलात दुरुस्ती करून घेणे हा काही तासांचा, थोड्या शुल्काचा मामला असतो. फायटोवर १४५० छापले गेले असेल तर तेही बदलून घ्यायचे. इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट आपल्याच हातातल्या, त्या नव्याने काढायच्या. खरेदीदाराला दोन ओळींचा ईमेल: आठ गोण्या कमी आहेत, कारण असे आहे, इनव्हॉइसची रक्कम त्याप्रमाणे कमी केली आहे.

हाच फोन झाला नाही तर? कस्टम्स डबा दर वेळी उघडत नाही. त्यामुळे डबा तसाच जहाजावर चढण्याची शक्यता बरीच आहे आणि तेच जास्त घातक. चूक पोर्ट क्लांगला उघडी पडते, खरेदीदार आठ गोण्यांचा दावा लावतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक सौद्यात त्याचा सूर बदलतो. आणखी एक अडचण त्याहून उशिरा कळते. जहाज सुटल्यावर शिपिंग लाइन कस्टम्सला एक यादी देते, ईजीएम. त्यातला कंटेनर क्रमांक किंवा नगांची संख्या शिपिंग बिलाशी जुळली नाही तर संगणक ते बिल अडकवून ठेवतो आणि सरकारकडून मिळणारे निर्यात प्रोत्साहनाचे किंवा कराच्या परताव्याचे पैसे थांबतात. लहान कंपनीत हे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही, कारण माल गेलेला असतो आणि खरेदीदाराचे पैसेही आलेले असतात. म्हणून जहाज सुटल्यानंतर आठवड्याभरात ICEGATE वर प्रत्येक शिपिंग बिलाची स्थिती पाहणे, हे काम नोकरीच्या वर्णनात स्वतंत्र ओळ म्हणून लिहिले पाहिजे. मी पाहिलेल्या जाहिरातींत ती ओळ सापडत नाही.

कंटेनर क्रमांकाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ही अगदी साधी युक्ती आहे आणि पुष्कळ कोऑर्डिनेटरना ती कोणी शिकवलेली नसते. डब्यावर चार अक्षरे, सहा अंक आणि चौकटीतला एक अंक असतो, जसे CSQU 305438 3. चौकटीतला शेवटचा ३ आधीच्या दहा चिन्हांवरून हिशेबाने निघतो. प्रत्येक अक्षराला एक ठरावीक किंमत असते, प्रत्येक जागेला १, २, ४, ८ असे दुपटीने वाढत जाणारे वजन असते. किंमत आणि वजन यांचा गुणाकार करून सगळ्यांची बेरीज करायची आणि अकराने भागायचे. उरते ती बाकी म्हणजे तो अंक, आणि बाकी दहा उरली तर शून्य धरतात. इथे बेरीज ६१८५ येते आणि बाकी ३. आता ड्रायव्हरने फोनवर सांगताना किंवा आपण टाइप करताना ०५ चे ५० झाले, म्हणजे 305438 ऐवजी 350438 लिहिले गेले, तर बेरीज ६०२५ होते आणि बाकी ८ उरते. कागदावर मात्र ३ आहे. म्हणजे क्रमांक चुकला. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवून ठेवले की चुकीचा क्रमांक टाकताच चौकट लाल होते. सील क्रमांकाला मात्र असा पहारा नसतो, तो फोटोवरून अंक अंक वाचूनच जुळवावा लागतो.

इथून ‘साधने’ या रकान्याकडे वळता येते. मोठ्या कंपन्यांत यासाठी महागडी सॉफ्टवेअर असतात. आपल्या पाच-सहा माणसांच्या कंपनीला एक नीट बांधलेली एक्सेल शीट पुरते. प्रत्येक कंटेनरला एक ओळ. रकान्यांत बुकिंग क्रमांक, जहाज आणि फेरी, टर्मिनल, कट-ऑफ, कंटेनर, सील, गोण्या, निव्वळ वजन, व्हीजीएम, शिपिंग बिल क्रमांक आणि तारीख, परवानगीची वेळ, फाटकातून आत गेल्याची वेळ, जहाज सुटल्याची तारीख, बिल ऑफ लेडिंगचा क्रमांक, मूळ प्रत कुठे आहे, खरेदीदाराचे पैसे कधी आले. सगळे कागद या शीटवरून काढायचे, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवायचे नाहीत. मागच्या महिन्याच्या इनव्हॉइसवर नवे आकडे चढवून नवे इनव्हॉइस करण्याची सवय सर्रास आहे आणि जुना सील क्रमांक किंवा जुने जहाज नव्या कागदावर राहते ते त्यामुळेच. शीटशिवाय लागतो तो फोन, व्हॉट्सॲप, टॅली आणि फॉर्म १३ तसेच व्हीजीएम भरण्याचे ऑनलाइन पोर्टल. व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक फोटो त्याच दिवशी कंटेनरच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावा. रिकामा डबा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, बंद दार, सील: हे पाच फोटो दाव्याच्या वेळी पाच पानी खुलाशापेक्षा जास्त कामाचे ठरतात.

बिल ऑफ लेडिंग हा सगळ्यांत मौल्यवान कागद. मूळ प्रत ज्याच्या हाती, त्याला माल मिळतो. शिपिंग लाइन तो आपण पाठवलेल्या सूचनांवरून तयार करते आणि त्या सूचनांनाही वेळेची मर्यादा असते. मसुदा तपासायला मिळतो तेव्हा तो पुन्हा शीटशी जुळवायचा, कारण अंतिम प्रत निघाल्यावर एक अक्षर बदलायलाही शुल्क द्यावे लागते. पोर्ट क्लांगसारख्या जवळच्या बंदरासाठी वेगळी अडचण आहे. बँकेमार्फत किंवा कुरियरने कागद पोहोचण्याआधी जहाज पोहोचते. माल डब्यात, खरेदीदार दारात आणि कागद विमानात, अशी स्थिती झाली तर मोफत दिवस संपतात. त्यानंतर बंदराच्या जागेचे आणि डब्याच्या वापराचे रोजचे भाडे चालू होते, रीफर असल्याने विजेचेही. म्हणून पैसे कधी मिळणार आणि मूळ कागद कोणत्या वाटेने जाणार, की इथेच जमा करून तिकडे माल सोडण्याचा निरोप द्यायचा, हे मालकाकडून जहाज सुटण्याआधी ठरवून घ्यायचे. हा पैशांच्या जोखमीचा निर्णय आहे. कोऑर्डिनेटरने तो स्वतः घ्यायचा नाही, पण तो वेळेवर घेतला जाईल हे पाहणे त्याचेच काम.

कांद्याच्या बाबतीत आणखी एक कर्तव्य आहे, डीजीएफटीच्या अधिसूचना रोज पाहण्याचे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून निर्यातच बंद झाली. ती मे २०२४ मध्ये खुली झाली तेव्हा टनाला किमान ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क होते. सप्टेंबरमध्ये ती अट गेली, शुल्क निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही उठले. डिसेंबरच्या बंदीत वाटेतल्या मालासाठी सवलत होती, पण ती पुराव्यावर अवलंबून होती: जहाजावर भराई सुरू झाली होती का, शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदरात आले होते का, माल अधिसूचनेआधी कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या प्रणालीत नोंदला गेला होता का. शीटमधले वेळेचे रकाने अशा दिवशी कामाला येतात. ज्याच्याकडे मालाच्या प्रत्येक टप्प्याची वेळ आणि तिचा पुरावा तयार असतो, त्याला सवलत मागता येते.

राहिली कौशल्ये. इंग्रजी हवे, पण ते चार ओळींचा स्वच्छ ईमेल लिहिण्यापुरते. ड्रायव्हरशी हिंदीत, शेडवर मराठीत, सीएचएच्या माणसाशी जसे जमेल तसे बोलता यायला हवे. आकड्यांची नजर हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाईट बातमी लवकर सांगण्याची सवय. ट्रेलर कसाऱ्याला बंद पडला आहे, हे दुपारी चारला कळले तर दुसरा ट्रेलर पाठवता येतो, निदान शिपिंग लाइनकडे कट-ऑफ वाढवून मागता येतो. रात्री अकराला कळले तर डबा पुढच्या जहाजावर जातो. शेठ चिडतील म्हणून सात तास गप्प बसणारा माणूस कितीही हुशार असला तरी या कामाला चालत नाही, आणि वाईट बातमी आणणाऱ्यावर ओरडणाऱ्या मालकाला चांगला कोऑर्डिनेटर टिकवता येत नाही.

मुलाखतीत ‘एक्सेल येते का’ असे विचारून काही कळत नाही. त्यापेक्षा एक इनव्हॉइस, एक पॅकिंग लिस्ट, टॅली शीटचा फोटो आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा उमेदवारासमोर ठेवावा. त्यांत गोण्यांची संख्या, सीलचा एक अंक आणि खरेदीदाराच्या पत्त्यातला पिनकोड मुद्दाम चुकवलेला असावा. अर्धा तास द्यावा. तीनही चुका सापडल्या तर उत्तम. दोनच सापडल्या, पण ‘या गोण्या खरंच किती गेल्या, शेडवर विचारू का?’ असा प्रश्न त्याने केला, तर त्यालाही घ्यावे. नेमणुकीच्या पत्रात कट-ऑफच्या आदल्या रात्री फोन चालू ठेवावा लागेल हे स्पष्ट लिहावे आणि त्याबदल्यात दुसऱ्या दिवशीची सुट्टी कोणती, तेही. हिशेब पाहणाऱ्या सहकाऱ्याला ती शीट वाचता येईल इतके शिकवून ठेवावे. कोऑर्डिनेटर आजारी पडला तरी जहाज त्याच्यासाठी थांबणार नसते.